सन्मानचिन्ह स्टेजवरून उतरल्यावर कुठे जातं?

पत्र : मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात सहायक प्राध्यापक आहे. यंदा तीन दिवसांच्या व्याख्यानमालेची जबाबदारी माझ्याकडे आली आहे. पहिल्या दिवशी पाणीप्रश्नाच्या अभ्यासक असलेल्या एक बाई नागपूरहून येणार आहेत. परतताना त्या पुण्याहून विमान धरतील. दुसऱ्या दिवशी जिल्ह्यातले एक शासकीय अधिकारी आहेत आणि तिसऱ्या दिवशी आमच्याच तालुक्यातले वयोवृद्ध शाहीर. तिघांच्या सत्कारासाठी मिळून सहा हजार रुपये मंजूर आहेत. प्राचार्यांना दरवर्षीसारखी फूटभर उंचीची अ‍ॅक्रिलिक ट्रॉफी हवी आहे, एक अकराशे रुपयांना. शिवाय शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ. विद्यार्थ्यांचं म्हणणं, पाहुण्यांचा फोटो छापलेली फ्रेम द्यावी. मला दोन्ही पटत नाही, पण ‘वेगळं काहीतरी’ म्हणजे काय तेही सुचत नाही. तिघांना सारखंच द्यायला हवं ना? बाईंच्या प्रवासखर्चाचं अजून ठरलेलं नाही. त्या मागतील असं वाटत नाही. — एक संयोजक

उत्तर :

‘वेगळं काहीतरी’ हा शोध आधी थांबवा. अशा शोधातूनच पाहुण्यांच्या चेहऱ्याची फ्रेम निघते आणि पाहुणे ती घरी नेऊन भिंतीकडे तोंड करून ठेवतात. स्वतःचा मोठा फोटो दिवाणखान्यात लावणारी माणसं थोडी असतात. जी लावतात, त्यांच्याकडे तो आधीच लावलेला असतो. विद्यार्थ्यांचा हेतू चांगला आहे. त्यांच्या उत्साहाला मी खाली दुसरं काम सुचवलं आहे.

प्राचार्यांची बाजूही समजून घ्या. ट्रॉफी फोटोत चांगली दिसते. तिच्यावर महाविद्यालयाचं नाव मोठ्या अक्षरांत असतं आणि नॅकच्या फायलीत लावायच्या जिओटॅग फोटोत ते वाचता येतं. म्हणजे ती पाहुण्यांपेक्षा अहवालासाठी घेतलेली असते. त्यात पाप काही नाही, पण मग ती गरज अहवालाची म्हणून वेगळी भागवता येते. व्यासपीठामागचा फलक त्यासाठीच असतो.

पाहुण्यांसाठी वस्तू निवडताना मी एकच गोष्ट विचारते : हे आपल्या गावातून त्यांच्या घरापर्यंत कसं जाणार, आणि आठ दिवसांनी त्याचं काय होणार? हा प्रश्न तुमच्या तिन्ही पाहुण्यांना लावला की तीन वेगळी उत्तरं येतात. म्हणून तिघांना सारखंच द्यायचा आग्रह सोडा. एकाच दिवशी एकाच व्यासपीठावर तिघे बसले असते, तर मी सारखंच द्या म्हटलं असतं. तिथे एकाच्या हातात मोठं खोकं आणि दुसऱ्याच्या हातात पातळ पाकीट हे सभागृहाला लगेच दिसतं आणि नंतर त्याचीच चर्चा होते. तुमच्याकडे तीन दिवस वेगळे आहेत, श्रोतेही बरेचसे वेगळे असतील.

आधी बाईंचं पाहू. देशांतर्गत विमानात हातातल्या सामानाला साधारण सात किलोंची मर्यादा असते. लॅपटॉप, कागद आणि एक-दोन पुस्तकं यांतच ती निम्मी संपते. त्यात फूटभर ट्रॉफीचा मखमली डबा कुठे बसणार? बरं, तो चेक-इनच्या बॅगेत टाकला तर अ‍ॅक्रिलिकचा कोपरा टवका उडून घरी पोहोचतो. श्रीफळाची गंमत आणखी वेगळी. नारळ हातातल्या सामानात नेऊ देत नाहीत. 2024च्या शबरीमला हंगामात यात्रेकरूंना इरुमुडी या पूजेच्या गाठोड्यातला नारळ विमानात सोबत नेता यावा, म्हणून खास तात्पुरती सवलत द्यावी लागली होती, यावरून नियम किती पक्का आहे ते कळेल. म्हणजे तुमचं श्रीफळ पुण्याच्या टॅक्सीवाल्याला मिळणार. त्याला मिळायला हरकत नाही, पण तेवढ्यासाठी समारंभ नको. पुष्पगुच्छाची गत तीच, फक्त तो विश्रामगृहाच्या टेबलावरच राहतो.

त्यांना पुस्तक द्या, पण ‘ग्रंथभेट’ म्हणून दुकानातल्या वरच्या फळीवरचं गाजलेलं पुस्तक उचलू नका. वाचणाऱ्या माणसाकडे गाजलेलं पुस्तक असतंच, आणि अशा दर तिसऱ्या कार्यक्रमात तेच मिळतं. त्यांना नागपुरात सहज न मिळणारं असं काही तुमच्याकडे आहे का, ते बघा. पाणी हा त्यांचा विषय आहे आणि तुमचा जिल्हा पाण्याच्या बाबतीत दोन टोकांचा. कृष्णेकाठी महापूर आणि जत-आटपाडीकडे टँकर, दोन्ही एकाच जिल्ह्यात. या भागातल्या पाण्यावर, शेतीवर, दुष्काळी चळवळींवर स्थानिक लेखकांनी लिहिलेलं, कदाचित सांगली-कोल्हापूरच्याच एखाद्या लहान प्रकाशनाने काढलेलं पुस्तक तुमच्या ग्रंथपालांना माहीत असेल. जिल्ह्याचं गॅझेटियर मिळालं तर तेही अभ्यासकाला उपयोगी पडतं. निवडताना ग्रंथपालांना सोबत घ्या. सत्कार समितीत त्यांना कुणी घेत नाही आणि नेमकं त्यांनाच हे ठाऊक असतं.

पुस्तकाच्या पहिल्या कोऱ्या पानावर शाईने लिहा : व्याख्यानमालेचं नाव, व्याख्यानाचा विषय, तारीख, गाव, आणि खाली प्राचार्यांची सही. महाविद्यालयाचं नाव इथे येतं आणि ते पुसलं जात नाही. मजकूर आधी कच्च्या कागदावर लिहून बघा, कारण पानावर खाडाखोड झाली की पुस्तक बदलावं लागतं. चकचकीत कागदात गुंडाळू नका. फोटोत फक्त चंदेरी चौकोन दिसतो आणि पाहुण्यांना आत काय आहे ते प्रवासात कळतं. मुखपृष्ठ दिसेल असंच हातात द्या.

सोबत तासगावकडचे अर्धा किलो बेदाणे चालतील. वजन कमी, सांडत नाहीत, टिकतात, आणि घरी वाटताना ‘सांगलीहून आणले’ असं सांगता येतं. सांगलीची म्हणून हळद द्यायचा मोह होईल, पण विमानतळाच्या तपासणीत पूड दिसली की चौकशीत वेळ जाऊ शकतो, ती टाळलेली बरी. हे सगळं एका जाड सुती पिशवीत घाला आणि पिशवीवर व्याख्यानमालेचं नाव एका रंगात छापून घ्या. प्राचार्यांच्या फोटोचा प्रश्न या पिशवीने सुटतो. पिशवी पुढे भाजी आणायलाही वापरली जाते. अकराशेची ट्रॉफी कशालाच नाही.

शालीबद्दल एक गोष्ट सांगते. पाहुण्या बाईंच्या अंगावर पुरुष पदाधिकाऱ्याने शाल घालावी की नाही, यावर ऐन स्टेजवर कुजबुज सुरू होते आणि शाल दोन हातांत अधांतरी राहते. शाल द्यायचीच असेल तर घडी करून हातात द्या, किंवा विद्यार्थिनी प्रतिनिधीकडून द्या. आणि हळद-कुंकू लावून, ओटी भरून स्वागत करायची पद्धत तुमच्याकडे असेल, तर ती या व्यासपीठापुरती सोडा. पाहुण्या विधवा आहेत का, त्यांना हे मान्य आहे का, हे तुम्हाला माहीत नाही आणि विचारणंही योग्य नाही. तुमच्या शेजारच्याच शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने 2022 मध्ये विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला. महाविद्यालयाने निदान तेवढ्यावर तरी यावं. एक गुलाबाचं फूल सगळ्यांना चालतं. प्राचार्यांना पुष्पगुच्छ नाही म्हणून चुकल्यासारखं वाटलं, तर त्यांना सांगा की पंतप्रधानांच्या दौऱ्यातही गुच्छाऐवजी एक फूल, खादीचा रुमाल किंवा पुस्तक द्यावं, असं केंद्रीय गृह मंत्रालयाने 2017 मध्ये राज्यांना कळवलं होतं. शासकीय दाखल्यापुढे बऱ्याच प्राचार्यांचा विरोध मावळतो.

दुसऱ्या दिवसाच्या अधिकाऱ्यांबाबत काम सोपं आहे, पण एक फोन करावा लागेल. राज्य शासनाचे कर्मचारी असतील तर त्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 लागू होतात. भारतीय प्रशासकीय किंवा पोलीस सेवेतले असतील तर अखिल भारतीय सेवांचे 1968चे वर्तणूक नियम. दोन्हींत भेटवस्तू स्वीकारण्यावर बंधनं आहेत. त्यांच्या स्वीय सहायकांना सरळ विचारा, ‘साहेबांना एक पुस्तक आणि फूल दिलं तर चालेल ना?’ बहुतेक वेळा होकार येईल आणि त्यांनाही हायसं वाटेल. महागडी वस्तू स्टेजवर हातात दिली की त्यांना ती सर्वांसमोर नाकारावी लागते किंवा घेऊन नंतर कार्यालयात जमा करावी लागते. दोन्ही प्रकारांत तुम्ही पाहुण्यालाच अडचणीत आणता. मानधनाचं पाकीट तर त्यांच्यापुढे चुकूनही करू नका. तेच पाकीट दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी मोबाइलमधल्या फोटोतून गावभर फिरतं.

आता शाहीर. इथे माझं मत तुमच्याहून वेगळं पडण्याची शक्यता आहे. सन्मानचिन्ह म्हणजे माळ्यावरची अडगळ, हे आपण शहरातले सतत स्टेजवर बसणाऱ्या माणसांवरून ठरवतो. ज्यांच्या घरी वर्षाला वीस स्मृतिचिन्हं येतात, त्यांच्यासाठी ते खरं आहे. पण आयुष्यभर गावोगावच्या जत्रांमध्ये उभं राहून पोवाडा गायलेल्या माणसाला महाविद्यालयाच्या व्यासपीठावर कुणी किती वेळा बोलावलं असेल? त्यांच्या घरी भिंतीवर मानपत्राची फ्रेम लागेल आणि आलेल्या प्रत्येकाला दाखवली जाईल. तिथे पुस्तक आणि बेदाणे देऊन ‘साधेपणा’ दाखवणं हा आपल्या सोयीचा साधेपणा होतो. त्यांना सगळा मान रीतसर द्या : श्रीफळ, फेटा आणि मानपत्र.

त्यात मानपत्र मुख्य, आणि तिथेच तुमच्या विद्यार्थ्यांचं काम आहे. दोघा-तिघा विद्यार्थ्यांना महिनाभर आधी शाहिरांच्या घरी पाठवा. गुरू कोण, पहिला फड कुठे लागला, कुठला पोवाडा लोक पुन्हा पुन्हा मागतात, डफावर साथ कोणाची, हे विचारून येऊ द्या. मराठी विभागातल्या प्राध्यापकांनी त्यातून दीड-दोनशे शब्दांचं मानपत्र तयार करावं. एवढा मजकूर सावकाश वाचला तर दोन-तीन मिनिटांत होतो, त्याहून लांब झाला की सभागृह चुळबुळतं. ‘कलेची अविरत सेवा’, ‘बहुआयामी व्यक्तिमत्त्व’ असली वाक्यं कुणाच्याही मानपत्रात बसतात, म्हणून ती काढून टाका. गावांची, साथीदारांची, पोवाड्यांची नावं ठेवा. तयार झालं की शाहिरांना किंवा त्यांच्या घरच्यांना वाचून दाखवा, कारण गुरूचं नाव चुकलेलं मानपत्र भिंतीवर लावता येत नाही आणि काढताही येत नाही. सभागृहात ते एखाद्या विद्यार्थ्याने वाचावं आणि मग फ्रेम हातात द्यावी. फ्रेमला काचेऐवजी पारदर्शक प्लास्टिकचा पत्रा बसवून घ्या. एसटीत किंवा दुचाकीवर नेताना काच फुटते.

फेट्याचा रंग घरी विचारून घ्या. शाहीर फेटा बांधूनच येणार असतील, तर स्टेजवर तो सोडून नवा बांधण्याचा खटाटोप नको, घडीचा फेटा ताटात द्या. पुढच्या कार्यक्रमात ते तो वापरतील.

जे टाकता येत नाही ते कुणालाच देऊ नका, हे यात आलंच, पण थोडं सोडवून सांगते. गणपतीची मूर्ती, विठ्ठल-रखुमाईची जोडी, शिवरायांचा किंवा फुले-आंबेडकरांचा अर्धपुतळा ही आपल्याकडे सन्मानचिन्ह म्हणून सर्रास दिली जाते. देणाऱ्याची भावना चांगली असते. घेणारा मात्र अडकतो. तिसरी-चौथी मूर्ती ठेवायला जागा नसते, दुसऱ्याला देणं बरं वाटत नाही, आणि रद्दीत तर घालताच येत नाही. पाहुणे दुसऱ्या धर्माचे किंवा देव न मानणारे असतील तर आणखीच पेच. शिवाय प्लास्टर ऑफ पॅरिसचा पुतळा प्रवासात नाकाशीच तुटला, तर घरी पोहोचलेल्या पाहुण्याने त्याचं करायचं काय?

ट्रॉफी किंवा कोरीव पट्टी करून घ्यायचीच वेळ आली, प्राचार्यांनी ऐकलंच नाही, तर निदान अक्षरं सांभाळा. तुम्ही दुकानदाराला व्हॉट्सअ‍ॅपवर मजकूर पाठवता तो युनिकोडमध्ये असतो. त्याच्याकडे कोरल ड्रॉमध्ये बऱ्याचदा श्रीलिपीसारखा जुना फॉन्ट असतो. मजकूर एकातून दुसऱ्यात जाताना रफार शेजारच्या अक्षरावर सरकतो, जोडाक्षरं फुटतात, ‘र्‍या’चा भलताच आकार होतो. किंवा दुकानातला मुलगा सगळं नव्याने टाइप करतो आणि ह्रस्व-दीर्घ त्याच्या सवयीने पडतं. तेव्हा कोरण्याआधी छापील नमुना मागवा, आणि तो फोनच्या पडद्यावर न बघता कागदावर काढून दोघांनी वेगवेगळा वाचा. पाहुणे स्वतःचं नाव कसं लिहितात, मधलं नाव लावतात का, ‘डॉ.’ लिहायचं का, हे त्यांनाच विचारा. निमंत्रणपत्रिका आणि सन्मानचिन्ह यांवर नाव दोन तऱ्हांनी आलेलं मी अनेकदा पाहिलं आहे. आणि शक्य असेल तर पाहुण्यांचं नाव ट्रॉफीवर न कोरता वेगळ्या पितळी पट्टीवर घ्या. आदल्या रात्री पाहुणे बदलले तर पट्टी बदलता येते.

सत्कार कधी करायचा, यावर वाद घालू नका : सुरुवातीला फक्त फूल, बाकीचं आभारप्रदर्शनाच्या आधी. सुरुवातीलाच सगळं दिलं तर वक्त्याच्या पुढ्यातलं टेबल भरून जातं, पाण्याचा ग्लास आणि टिपणं नारळामागे जातात. अपवाद शाहिरांचा, त्यांचं मानपत्र आधी वाचा, म्हणजे श्रोत्यांना कळतं की आपण कोणाला ऐकणार आहोत. आणि एका विद्यार्थ्याचं नाव आधीच ठरवा, ज्याचं काम इतकंच की कार्यक्रम संपल्यावर ती पिशवी पाहुण्यांच्या गाडीत गेली का ते पाहायचं. फोटो झाल्यावर भेटवस्तू स्टेजवरच्या खुर्चीत राहते आणि तिसऱ्या दिवशी कार्यालयात सापडते, असं फार होतं.

आता पैसे. तुम्ही पाठवलेल्या यादीप्रमाणे ट्रॉफी अकराशे, शाल साधारण साडेतीनशे, गुच्छ तीनशे आणि नारळ चाळीस धरला, तर एका पाहुण्याचे 1,790 आणि तिघांचे 5,370 रुपये होतात. मी सुचवलेलं बघा. बाईंचं पुस्तक चारशेच्या आसपास, बेदाणे अडीचशे, पिशवी एकशे वीस, फूल वीस, मिळून 790. अधिकाऱ्यांचं पुस्तक, पिशवी आणि फूल 540. शाहिरांचा फेटा सहाशे, फ्रेमसह मानपत्र सातशे, नारळ आणि फूल साठ, म्हणजे 1,360. एकूण 2,690 रुपये. भाव तुमच्या बाजारात थोडे इकडे-तिकडे होतील, तरी तीन हजारांच्या वर रक्कम उरते.

ती बाईंच्या प्रवासाला लावा. तुमच्या पत्रातली मला सगळ्यात खटकलेली ओळ शेवटची होती. मागतील असं वाटत नाही म्हणून विचारायचंच नाही, हे चुकीचं आहे. वक्ते मागत नाहीत, कारण मागायला संकोच वाटतो. ते फक्त पुढच्या वर्षी ‘तारखा जमत नाहीत’ म्हणतात. विमानाचं तिकीट आणि पुण्यापर्यंतची गाडी यांच्यापुढे तीन हजार अपुरे आहेत, म्हणून सत्कार आणि प्रवास ही दोन शीर्षकं एकत्र करून प्राचार्यांकडून वाढीव मंजुरी आत्ताच घ्या. ट्रॉफ्या रद्द करून तुम्ही अर्धी वाट चाललेला असाल, तेव्हा त्यांना नाही म्हणणं अवघड जाईल. मग बाईंना फोन करून तिकीट आम्ही काढू का, की तुम्ही काढून आम्हाला पाठवाल, एवढं सरळ विचारा. शाहिरांनाही मानधन द्या. मानपत्र दिलं म्हणून मानधन वजा होत नाही, आणि साथीदार येणार असतील तर त्यांचंही वेगळं धरा.

रक्कम शक्यतो बँकेत पाठवा. शाहिरांना रोख सोयीची असेल तर पाकीट कार्यक्रमाआधी कार्यालयात, चहाच्या वेळी द्या. पावतीवर सही तिथेच घ्या, आणि रक्कम पाच हजारांच्या वर असेल तर एक रुपयाचं रेव्हेन्यू स्टॅम्प आधीच चिकटवून ठेवा. कार्यक्रम संपल्यावर, गाडी सुरू असताना खिडकीतून व्हाउचर पुढे करणारा लिपिक मी पाहिलेला आहे.